जर्मन पूर्णकाळ: हालचाल म्हणजे ‘झाइन’ नव्हे

‘पूर्णकाळाच्या वाक्यात सहाय्यक क्रियापदाची जागा रिकामी असेल, तर मुख्य क्रियापद हालचालीचे असल्यास झाइन, नाहीतर हाबेन, एवढे पुरते ना?’

पुरत नाही. झाइन येते ते कर्त्याची जागा किंवा अवस्था बदलते तेव्हा, आणि सहसा क्रियापदाला द्वितीयेतील कर्म नसते तेव्हा. ‘इश् ... नाख बर्लीन गेफारेन’ (मी बर्लिनला गेलो) येथे झाइनचे रूप ‘बिन’ हवे, पण ‘इश्... दास आउटो गेफारेन’ (मी ती गाडी चालवली) येथे गाडी हे कर्म असल्याने हाबेनचे रूप ‘हाबे’ येते. ‘गे-’ लागलेले धातुसाधित दोन्हींकडे तेच असल्यामुळे केवळ वाक्याचा शेवट पाहून रिकामी जागा भरता येत नाही.

‘टान्त्सेन’ म्हणजे नाचणे, यात तर हालचालच हालचाल. तरीही रात्रभर नाचलो तर ‘वीअर हाबेन गेटान्त्स्ट’, कारण नाचणारे कुठे पोहोचले हे येथे सांगितलेले नाही. नाचत दालन ओलांडले की मात्र झाइनचे ‘झिंट’. उलट झोप लागणे, ‘आइनश्लाफेन’, यात पाऊलही हलत नाही, पण जागेपण संपते, म्हणून झाइनचे ‘इस्ट’: ‘एर इस्ट आइनगेश्लाफेन’. नुसते झोपणे मात्र हाबेनने, ‘एर हाट गेश्लाफेन’. ‘ब्लाइबेन’ (राहणे) आणि खुद्द ‘झाइन’ यांत काहीच बदलत नसूनही झाइनच लागते; ती दोन पाठच करावी लागतात. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियात बसणे, उभे राहणे यांनाही झाइन लावतात.