बफरब्लोट

डेटाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, पुढे जाईपर्यंत राउटर किंवा मोडेममध्ये रांगेत थांबतात ती जागा म्हणजे बफर. हा बफर गरजेपेक्षा मोठा असला की लाइन पूर्ण भरलेली असताना लेटन्सी, म्हणजे पॅकेट पोहोचायला लागणारा वेळ, बेसुमार वाढते. या दोषाला बफरब्लोट म्हणतात. घरात कुणाच्या फोनवर फोटोंचा बॅकअप सुरू झाला की दुसऱ्या खोलीतल्या व्हिडिओ कॉलचा आवाज तुटतो, गेम अडखळतो, साधे वेबपान उघडायलाही वेळ लागतो. स्पीड टेस्टमध्ये मात्र प्लॅनप्रमाणे वेग दिसतो. त्यामुळे अनेक जण जास्त वेगाचा प्लॅन घेतात आणि त्रास तसाच राहतो.

अपलोडचा वेग १० एमबीपीएस आहे आणि मोडेममध्ये १ एमबीचा बफर आहे, असे धरू. १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट. एवढा डेटा या लाइनवरून बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतात. बॅकअपने बफर भरून टाकला की त्यानंतर आलेल्या प्रत्येक पॅकेटला, मग ते कॉलमधल्या आवाजाचे का असेना, एवढा वेळ मागे थांबावे लागते. पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. एरवी १५ मिलिसेकंद असलेला हा पिंग ८०० च्या पुढे जातो.

बफर भरतो तो इंटरनेटवर डेटा पोहोचवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलमुळे. प्रचलित टीसीपी पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत राहतो. पॅकेट गळणे हीच त्याला वेग कमी करण्याची खूण असते. मेमरी स्वस्त झाल्यावर उत्पादकांनी पॅकेट गळू नयेत म्हणून मोठे बफर ठेवले आणि ही खूण पाठवणाऱ्यापर्यंत फार उशिरा पोहोचू लागली. २०१० मध्ये संगणक अभियंते जिम गेटिस यांना घरून मोठ्या फायली पाठवताना हा प्रकार आढळला आणि त्यांनी त्याला हे नाव दिले. नेटवर्क संशोधक कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे कोडेल बघत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते मोजते. हा वेळ १०० मिलिसेकंदांत एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ती पॅकेट टाकून द्यायला लागते. क्षणभर वाढून ओसरणाऱ्या रांगेला ती हात लावत नाही, आणि हीच तिची खरी हुशारी आहे.

‘एफक्यू-कोडेल’ने त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग दिली. थोडीच पॅकेट पाठवणारा कॉल किंवा वेबसाइटचा पत्ता शोधणारी डीएनएसची विचारणा आता बॅकअपच्या मागे अडकत नाही. याच कल्पनेवर बांधलेली ‘केक’ २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ मध्ये आली. घरातल्या प्रत्येक उपकरणाला समान वाटा देण्याचीही सोय तिच्यात आहे.

राउटरवरच्या ‘स्मार्ट क्यू’ किंवा एसक्यूएम सेटिंगमागे याच पद्धती असतात. पण हे सेटिंग नुसते चालू करून भागत नाही. रांग मोडेममध्ये लागत असेल तर राउटरला ती हाताळताच येत नाही. म्हणून राउटरचा वेग मुद्दाम लाइनपेक्षा थोडा कमी ठेवून रांग राउटरमध्ये आणावी लागते. मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्क्यांपासून सुरुवात करतात. ५० एमबीपीएस डाउनलोड आणि १० एमबीपीएस अपलोड मिळत असतील, तर राउटरच्या ओपनडब्ल्यूआरटी या सॉफ्टवेअरवर `/etc/config/sqm` मध्ये असे लिहितात. आकडे किलोबिटमध्ये असतात आणि इंटरफेसचे नाव राउटरनुसार बदलते:

```
config queue 'wan'
    option enabled '1'
    option interface 'eth1'
    option download '45000'
    option upload '9000'
    option qdisc 'cake'
    option script 'piece_of_cake.qos'
```

परिणाम तपासायचा तर संगणक केबलने राउटरला जोडावा, `ping 1.1.1.1`, विंडोजवर `ping -t 1.1.1.1`, चालू ठेवावा आणि मोठी फाइल अपलोड करावी. पिंग जागचा फारसा हलला नाही तर अपलोडचा आकडा थोडा वाढवून पाहावा. उसळला तर कमी करावा. डाउनलोडचा आकडा वेगळा लावावा लागतो. तिथे पॅकेट अरुंद भाग ओलांडूनच राउटरपाशी पोहोचलेले असते, त्यामुळे राउटर काही पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला फक्त वेग कमी करायला लावू शकतो. म्हणून डाउनलोडला जास्त मोकळी जागा सोडावी. केबलवर पिंग स्थिर आणि वायफायवर उसळणारा असेल, तर रांग वायफायमध्ये आहे. त्यावर हे सेटिंग उपाय करत नाही.

वेग बांधून ठेवण्याचे काम प्रोसेसरवर पडते. स्वस्त राउटरवर वेगवान फायबरच्या लाइनला एसक्यूएम लावले की प्रोसेसर थकतो आणि वेग लावलेल्या आकड्याच्याही खूप खाली येतो. पॅकेट पुढे पाठवण्याचे काम प्रोसेसरऐवजी वेगळ्या चिपवर टाकणारे हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असेल तर पॅकेट या रांगेला वळसा घालून जातात, म्हणून ते बंद ठेवावे लागते. ४जी-५जीच्या घरगुती जोडणीवर वेगच तासातासाला बदलत असल्याने ठरलेला आकडा कधी जास्त तर कधी कमी पडतो. तिथे लेटन्सी बघून आकडा आपोआप हलवणारी `cake-autorate` स्क्रिप्ट वापरतात.