एकच आकडा, दोन महिने: म्हाताऱ्या घोड्याच्या पीपीआयडीची पार्श्वभूमी

म्हाताऱ्या घोड्याचे हिवाळी केस उन्हाळा आला तरी झडत नाहीत, पाठीवरचं मांस ओसरतं, पाणी पिणं आणि लघवी वाढते. अशा वेळी पीपीआयडीची, म्हणजे पिट्युटरी ग्रंथीच्या मधल्या भागाच्या विकाराची शंका घेतली जाते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या एका पाहणीत पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या घोड्यांपैकी साधारण पाचात एकाला तो आढळला.

बराच काळ हा माणसांतल्या कुशिंगच्या आजाराचाच घोड्यातला अवतार मानला जाई, म्हणून त्या आजारात वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकावर भर असे. १९८० च्या दशकात चित्र बदललं. मेंदूतून या मधल्या भागात येणारे मज्जातंतू डोपामिन सोडून त्याला लगाम घालतात. वयानुसार ते तंतू झिजले की लगाम सुटतो, ग्रंथी फुगते आणि कॉर्टिसॉल स्रवायला लावणाऱ्या एसीटीएचसह अनेक संप्रेरकं रक्तात ओतते. कॉर्टिसॉल मात्र कित्येकदा साधारणच राहतं.

तरीही डेक्सामेथासोन चाचणी पुढे अनेक वर्षं प्रमाण मानली गेली: संध्याकाळी इंजेक्शन द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल दबलं का ते पाहायचं. ज्या घोड्याला आधीच लॅमिनायटिसचा, म्हणजे खुराच्या आतल्या दाहाचा त्रास आहे, त्याला हे स्टेरॉइड द्यायला पशुवैद्य कचरत. मग २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात धडधाकट घोड्यांचा आणि तट्टांचाही एसीटीएच सप्टेंबरमध्ये चढलेला दिसला, आणि त्यांतल्या काहींची डेक्सामेथासोन चाचणीही त्या महिन्यात बिघडलेली आली. दिवस लहान होऊ लागले की घोड्याची ही ग्रंथी आपोआप जागी होते. त्याआधी शरद ऋतूत किती निरोगी घोड्यांवर आजाराचा शिक्का बसला असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटतं.

कोपस आणि डरहॅम यांनी २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या नमुन्यांवरून एसीटीएचच्या दोन वरच्या मर्यादा मांडल्या: नोव्हेंबर ते जुलै २९ पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर ४७. आता ब्रिटनमधला बावीस वर्षांचा, ५०० किलोचा एक घोडा समजा. सप्टेंबरमध्ये त्याचा एसीटीएच ४२ आला. हा आकडा ४७ च्या आत आहे, पण अंगावरचे केस लांब आहेत, म्हणून तेवढ्यावर घोडा निरोगी म्हणता येत नाही. टीआरएच हे संप्रेरक टोचून एसीटीएच किती उसळतो ते पाहणारी चाचणी शरद ऋतूत खोटी वर जाते, म्हणून थांबायचं. जानेवारीत पुन्हा ४२ आला, तर तोच आकडा आता २९ च्या बराच वर आहे. मग टीआरएचचं १ मिलिग्रॅम शिरेतून देऊन बरोब्बर दहा मिनिटांनी रक्त घेतलं आणि एसीटीएच ३८० निघाला. २०० च्या वरचा आकडा या चाचणीत आजाराच्या बाजूने बोलतो, त्यामुळे निदान पक्कं झालं. अर्थात नमुना नीट हाताळलेला हवा. रक्त ईडीटीएच्या नळीत घेऊन लगेच थंड करायचं आणि काही तासांत प्लाझ्मा वेगळा काढायचा, नाहीतर एसीटीएच विघटित होऊन आकडा खोटा खाली येतो. घोडा दुखण्याने बेजार असेल तर तोच आकडा वर जातो.

औषधाचा प्रवास वेगळा आहे. पर्गोलाइड हे माणसांच्या पार्किन्सनचं औषध, डोपामिनची जागा घेणारं. घोड्यांत सुरुवातीला त्याचा डोस किलोमागे ६ ते १० मायक्रोग्रॅम असे. १९९० च्या दशकाच्या मध्यास कमी डोसही पुरतो असं दिसू लागलं. २००७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून अमेरिकेत माणसांसाठीचं पर्गोलाइड बाजारातून काढलं गेलं, आणि घोडेमालकांना औषधविक्रेत्यांनी बनवलेल्या द्रावणांवर विसंबावं लागलं. ती द्रावणं प्रकाशात आणि उष्णतेत लवकर निकामी होतात. रंग गडद झाला की बाटली टाकून द्यायची. २०११ मध्ये अमेरिकेत घोड्यांसाठी १ मिलिग्रॅमची प्रॅसेंड गोळी मंजूर झाली.

तिचा आरंभीचा डोस किलोमागे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्या घोड्याला रोज एक गोळी. भूक मंदावली तर औषध दोन-तीन दिवस थांबवून अर्ध्या गोळीपासून पुन्हा चढायचं. समजा पाच आठवड्यांनी, मार्चमध्ये, एसीटीएच ३३ आला. तरतरी वाढली, पण आकडा अजून २९ च्या वर आहे, म्हणून डोस दीड गोळी. मेमध्ये २२ येतो. पुढच्या सप्टेंबरला ४४ आला, तर मेच्या दुप्पट झाला म्हणून घाबरून डोस वाढवायचा नाही. तो हंगामी मर्यादेच्या आतच आहे. केस सुधारायला मात्र कित्येक महिने लागतात. लॅमिनायटिस असेल तर इन्सुलिन वेगळं मोजावं लागतं, कारण पर्गोलाइडने एसीटीएच उतरला तरी इन्सुलिन उतरेलच असं नाही.

हे आकडे पुण्या-मुंबईतल्या घोड्यांना जसेच्या तसे लावू नयेत. लंडनमध्ये दिवस सुमारे आठ तासांपासून साडेसोळा तासांपर्यंत बदलतो, मुंबईत अकरा ते सव्वातेरा. प्रयोगशाळेची मोजण्याची पद्धत बदलली तरी मर्यादा बदलते. म्हणून इथे त्याच तबेल्यातल्या, त्याच दिवशी रक्त घेतलेल्या निरोगी समवयस्क घोड्याचा आकडा शेजारी ठेवून पाहिलेला बरा.