पट्टी भिंतीलगत ओढा, स्वतःकडे नको

मागच्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर लाइटच्या माळा उतरवायला घेतल्या आणि गॅलरीच्या दाराशेजारून तळहाताएवढी खपली निघून आली. उलटी करून पाहिली, तर फोमच्या डबल टेपवर रंग चिकटलेला आणि रंगामागे पुट्टीचा पांढरा थर. टेप रंगाला घट्ट धरून होती. सुटली होती ती रंगाची आणि भिंतीची जोडणी.

भिंत म्हणजे थरांची चळत असते: प्लास्टर, त्यावर पुट्टी, मग प्रायमर, मग रंग. टेप हा सगळ्यात वरचा थर. टेपचं एक टोक उचलून आपण स्वतःकडे ओढतो, तेव्हा सगळा जोर त्या टोकाशी एका बारीक रेषेवर येतो, आणि तोही भिंतीपासून बाहेरच्या दिशेनं. अशा वेळी जी जोडणी सगळ्यात कच्ची, ती आधी सुटते. आपल्याकडे पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीत ती बहुधा पुट्टीपाशीच असते.

रंग न उखडता निघणारे, भिंतीला चिकटवायचे हुक मिळतात; त्यांच्यामागची चिकट पट्टी इथेच वेगळी ठरते. ती रबरासारखी ताणली जाते आणि तिचं शेपूट हुकाखाली मोकळं राहतं. रबर ताणलं की लांबी वाढते, पण आकारमान जवळपास तेवढंच राहतं. म्हणून ते अरुंद आणि पातळ होत जातं. लांबी पाचपट झाली, तर जाडी निम्म्याहून कमी उरते. पट्टी भिंतीलगत सरळ खाली ओढली की खालच्या कडेपासून ती अशी आक्रसत जाते, आणि आक्रसलेला भाग भिंतीची पकड सोडतो. सुटण्याची ही रेषा हळूहळू वर सरकते. जोर भिंतीला समांतर असल्यामुळे रंगाला बाहेर उचलणारं काही उरत नाही. तीच पट्टी स्वतःकडे ओढली, तर मात्र ती साध्या डबल टेपसारखीच वागते आणि खपली काढते. म्हणून एका हातानं हुक नुसता धरायचा, भिंतीवर दाबायचा नाही, आणि दुसऱ्या हातानं शेपूट सावकाश खाली ओढायचं. पट्टी वीतभर लांबली तरी थांबू नये. शेपूट मध्येच तुटलंच, तर दात साफ करायचा फ्लॉस हुकामागे घालून करवतीसारखा चालवावा.

लावतानाही दिशेचाच विचार करावा लागतो. पाकिटावर लिहिलेलं वजन सरळ खाली लोंबणाऱ्या ओझ्यासाठी असतं. समजा, गॅलरीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि तेवढ्या माळेचं वजन ६० ग्रॅम आहे. प्रत्येक हुकावर खाली येणारा भार फक्त ३० ग्रॅम. पण माळ ताठ बांधली आणि मधला झोळ ५ सेंटिमीटरच ठेवला, तर ती प्रत्येक हुकाला भिंतीपासून बाहेर सुमारे ४५० ग्रॅमच्या जोरानं ओढत राहते. झोळ ३० सेंटिमीटर ठेवला, की तीच ओढ ७५ ग्रॅमवर येते. माळ छान सैल सोडा. दिसायलाही ती मला तशीच आवडते. शिवाय माळ भिंतीच्या कडेनं नेता आली, तर ओढ भिंतीलगतच राहते. अ‍ॅडॉप्टरचं वजन मात्र हुकावर कधीही टाकू नये.

चिकटवण्याआधी भिंतीवरून हात फिरवा. बोटांना पांढरी पूड लागली, तर तो भुकटी सोडणारा डिस्टेंपर आहे. तिथे कुठलीच पट्टी टिकणार नाही, कारण ती भिंतीला न चिकटता पुडीला चिकटते. हाताला काही लागलं नाही, तरी सेलोटेपचा तुकडा दाबून काढून पाहावा. त्यावर रंग आला, तर ती जागा सोडून द्या. प्लास्टिक पेंटची गुळगुळीत भिंत सगळ्यात चांगली, पण दिवाळीसाठी नुकताच नवा रंग दिला असेल तर निदान आठवडाभर थांबा. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. काच पुसायच्या स्प्रेचा थर मागे राहतो आणि पकड जाते. मग अर्धा मिनिट जोरानं दाबा आणि माळ तासाभरानं अडकवा. तेवढ्या वेळात चिकट थर रंगाच्या बारीक खाचांमध्ये पसरतो.

गॅलरीची बाहेरची भिंत बहुतेक खरबरीत असते. पट्टी तिच्या फक्त उंचवट्यांना टेकते, शिवाय ऑक्टोबरच्या उन्हानं चिकट थर मऊ होऊन हुक घसरतो. तिथे पट्टीचा नाद सोडून ग्रिलला किंवा रेलिंगला प्लास्टिकच्या क्लिपा लावाव्यात, नाहीतर नायलॉनचे टाय बांधावेत. आकाशकंदीलही तिथेच टांगावा. वाऱ्याचा प्रत्येक झोत कंदिलाला झुलवतो आणि पट्टीची वरची कड दर वेळी थोडी थोडी उचलली जाते. त्या कडेखाली नख शिरू लागलं, की हुक पडायच्या आधीच उतरवून नवी पट्टी लावावी. एकदा ताणलेली पट्टी पुन्हा चिकटत नाही.