देहावरून सदाचार जोखण्याची प्रथा (सोलापूर)

सडपातळ बांधा आणि तुकतुकीत कांती ही केवळ आरोग्याची किंवा सौंदर्याची लक्षणे न मानता शिस्त, संयम आणि चांगले चारित्र्य यांचा पुरावा मानण्याची प्रथा. ती 'वेलनेस' या नावाने चालणाऱ्या आहार, व्यायाम आणि त्वचानिगेच्या व्यवहारातून पसरली. या प्रथेत ज्याचे पोट सपाट तो मनाने खंबीर ठरतो. जिच्या चेहऱ्यावर तेज तिची दिनचर्या शुद्ध समजली जाते. याची उलट बाजूही तितक्याच सहज मानली जाते: पोट सुटलेला माणूस आळशी आणि जिभेचा गुलाम, मुरमे असलेली मुलगी बेफिकीर. या नोंदीत प्रथेचा विचार सोलापूर शहराच्या संदर्भात केला आहे.

अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट क्रॉफर्ड यांनी 1980 साली या वृत्तीचे विवेचन केले. आरोग्य ही सर्वस्वी ज्याची त्याची जबाबदारी ठरली की आजार हा आपोआप दोष ठरतो आणि कामाचे तास, मजुरी, घर, पाणी या गोष्टी चर्चेतून निघून जातात, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. देहावरून माणसाला नावे ठेवण्याची रीत अर्थात त्याहून फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय आठ 'निंदित' देहांविषयी आहे. त्यांत अतिस्थूल आहे तसाच अतिकृशही आहे, अतिकृष्ण आहे तसाच अतिगौरही आहे. म्हणजे तेथे दोष दोन्ही टोकांना आहे. आजच्या प्रथेने यांतले एक टोक निंदेसाठी ठेवले आणि दुसरे थेट गुणांच्या यादीत नेऊन बसवले.

सोलापुरात भरलेले अंग हे एकेकाळी खात्यापित्या घराचे लक्षण होते. जुळे सोलापूर, होटगी रस्ता, विजापूर रस्ता अशा भागांत बैठ्या नोकरीचा मध्यमवर्ग वाढला आणि ही समजूत पालटली. पहाटे चालणाऱ्यांचे गट, दोनच वेळा जेवण्याची पथ्ये, जिम आणि घराच्या पुढच्या खोलीत भरणारे 'न्यूट्रिशन क्लब' हे या बदलाचे दृश्य रूप आहे. यांपैकी चालणे, व्यायाम आणि मोजके खाणे यांचा फायदा खरा आहे. अनेक बायकांना या गटांनी रोज घराबाहेर पडायला पहिल्यांदाच एक सर्वमान्य कारण दिले, हेही मोलाचे आहे. आक्षेप आहे तो वजनाच्या आकड्यावरून माणसाची किंमत ठरवण्याला.

हा निवाडा कसा होतो ते क्लबच्या पद्धतीत स्पष्ट दिसते. सभासद सकाळी उपाशीपोटी येतो आणि अनवाणी एका काट्यावर उभा राहतो. काटा तळपायांतून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतो, त्याला होणारा विरोध मोजतो आणि त्यात वय, उंची, वजन मिसळून चरबीचे प्रमाण व 'शरीराचे वय' असे आकडे दाखवतो. अडतीस वर्षांच्या बाईला शरीराचे वय बावन्न असल्याचे चारचौघांत सांगितले जाते. हा आकडा मोजलेला नसून सूत्राने काढलेला अंदाज असतो. आदल्या रात्री पाणी कमी प्यायले, पाय कोरडे असले किंवा नुकताच व्यायाम झाला असला तरी तो हलतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र तो परीक्षेच्या निकालासारखा बसतो. त्यानंतर जेवणाऐवजी घ्यायचे शेक, एकवीस दिवसांचे 'चॅलेंज' आणि शेवटी आधीचा-नंतरचा फोटो.

हे एकवीस दिवस हिशेबाने पाहण्यासारखे आहेत. समजा, 150 सेंटिमीटर उंचीच्या आणि 62 किलो वजनाच्या एका गृहिणीने भात-भाकरी बंद करून रोज सुमारे 500 किलोकॅलरी कमी खाल्ल्या. एकवीस दिवसांत तूट झाली 10,500 किलोकॅलरींची. एक किलो चरबी उतरायला ढोबळमानाने 7,700 किलोकॅलरी लागतात, म्हणजे खरी चरबी उतरली जेमतेम 1.4 किलो. काटा मात्र तीन किलोंची घट दाखवतो. उरलेले दीड-एक किलो बहुतांशी पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत तीन-चारशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टमय अन्नातून आलेली साखर, साठवलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. पिष्टमय अन्न तोडले की हा साठा आटतो आणि ते पाणी पहिल्या आठवड्यातच निघून जाते. म्हणूनच पहिल्या आठवड्याचा आकडा सर्वांत मोठा असतो, आणि टाळ्याही त्यालाच सर्वांत जास्त मिळतात.

आता जानेवारी येतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी, संक्रांतीला गुळाची पोळी, सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या मिरवणुका, मग मुलाबाळांना घेऊन गड्ड्याची जत्रा आणि तिथली भजी. चार दिवसांनी काटा दीड किलो वाढलेला दाखवतो. चार दिवसांत दीड किलो चरबी चढायला नेहमीच्या गरजेपेक्षा साडेअकरा हजार किलोकॅलरी जादा खाव्या लागल्या असत्या, म्हणजे रोजच्या जेवणावर आणखी जवळजवळ दीडपट. तसे काही झालेले नसते. ग्लायकोजेन पुन्हा भरले, त्यासोबत पाणी परत आले, मिठाने आणखी थोडे धरून ठेवले, एवढेच घडलेले असते. तरी त्या बाईला ऐकावे लागते की तिचा तोंडावर ताबा नाही. तीही ते मान्य करते आणि पुढचे दोन दिवस उपाशी राहते. पाण्याच्या चढउताराला स्वभावाचा दोष समजणे हा या प्रथेतला सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत क्रूर गैरसमज आहे.

प्रथेची खरी पारख शहराच्या पूर्वेकडे, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या ठिकाणी होते. तिथे आणि शहराच्या जुन्या पूर्व भागात हजारो स्त्रिया घरी बिड्या वळतात. त्यांत तेलुगूभाषक पद्मशाली घरांतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. मजुरी हजार बिड्यांमागे ठरते. मांडीवर सूप घेऊन, भिजवलेली तेंदूची पाने मापाने कापायची, चिमटीने तंबाखू भरायची, वळायचे, टोक मुडपायचे, दोरा बांधायचा. वाईट ठरलेल्या बिड्या कारखान्यात बाजूला काढल्या जातात आणि तेवढी मेहनत वाया जाते. पहाटेचा स्वयंपाक आणि पाणी उरकून दिवसाला हजाराच्या आसपास मजल गाठण्याला जी शिस्त लागते ती कोणत्याही एकवीस दिवसांच्या चॅलेंजपेक्षा कडक आहे, आणि ती वर्षानुवर्षे पाळली जाते.

यांतल्या अनेक जणी सडपातळ असतात. कामाचे तास, अपुरे व वेळी-अवेळीचे जेवण आणि तंबाखूची धूळ या सगळ्यांचा तो परिणाम असतो. तंबाखू हाताळणाऱ्यांच्या अंगात त्वचेतून आणि श्वासातून निकोटीन जाते आणि निकोटीनने भूक मरते. अशा बाईच्या बारीक अंगाला कोणी शिस्तीची पावती देत नाही, ती 'खंगलेली' दिसते. तितक्याच वजनाची बाई सकाळी चांगले बूट घालून चालायला निघाली तर 'फिट' दिसते. देह तोच, निवाडा वेगळा. तेव्हा पुरावा म्हणून वाचला जातो तो देह नसतो. चालायला मोकळा असलेला तास, सुकामेवा घेण्याची ऐपत आणि उपास करण्याआधी घरात अन्न असणे, या गोष्टी त्या निवाड्यात न बोलता धरलेल्या असतात.

कांतीचे प्रकरण याहून धोक्याचे आहे, कारण तिथे पुरावा नळीतून विकत मिळतो. त्वचा तुकतुकीत दिसते ती वरच्या थरातले पाणी, तेल आणि त्याचा गुळगुळीतपणा यांमुळे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणाऱ्या शहरात उन्हात फिरणाऱ्या विक्रेतीची आणि सावलीत बसणाऱ्या अधिकारी बाईची त्वचा सारखी राहणे शक्य नाही. गरोदरपणात उमटणारे वांग हेही संप्रेरके आणि ऊन यांचे काम आहे. तरीही 'आतून स्वच्छ असेल तर चेहऱ्यावर दिसतेच' असे मुलींना सांगितले जाते आणि त्या मैत्रिणीने सुचवलेले, चिठ्ठीशिवाय मिळालेले क्रीम लावू लागतात. त्यात बऱ्याचदा मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे स्टेरॉइड असते. ते रक्तवाहिन्या आकसवते, रंगद्रव्य कमी करते, आणि दोन-तीन आठवड्यांत चेहरा खरोखर उजळ दिसतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, बारीक लव आणि पुरळ येते. क्रीम थांबवले की आग आणि लाली उसळते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. त्वचारोगतज्ज्ञांना हे चित्र चांगले परिचयाचे आहे. नळीवरच्या घटकांत यांतले एखादे नाव असेल तर ते क्रीम चेहऱ्याच्या रोजच्या निगेसाठी नाही, हे घरीच ओळखता येते. बरेच महिने लावले असेल तर मात्र ते एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

त्वचेची एक खूण तर सरळ उलटी वाचली जाते. मानेच्या मागे आणि काखेत काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा येतो. घरात तो मळ समजला जातो. मुलीला नीट आंघोळ करत नाही म्हणून बोलणी बसतात आणि मान घासून घासून सोलवटते. हा पट्टा बहुधा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचे लक्षण असतो. तिथे साबणाची नाही, रक्तातील साखर तपासण्याची गरज असते.

बारीक अंग म्हणजे निरोगी अंग, हे गृहीतक भारतीयांच्या बाबतीत विशेष लंगडे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी फोटो 2004 साली लॅन्सेट या नियतकालिकात आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. हातपाय बारीक पण पोटाच्या आत चरबी, अशी ठेवण भारतीयांत नेहमी आढळते आणि तिची मुळे गर्भावस्थेतील पोषणापर्यंत जातात, असे याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले. आईच्या पोटात असताना मिळालेल्या पोषणाला कोणाची शिस्त जबाबदार असू शकत नाही.

म्हणून आरोग्य पाहायचे असेल तर उपयोगी मोजमापे वेगळी आहेत: कमरेचा घेर (भारतीय स्त्रियांत 80 आणि पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या वर गेल्यास सावध), रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी आणि स्त्रियांसाठी हिमोग्लोबिन. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा स्त्रीचा फिकटपणा गोरेपणा म्हणून वाखाणला जातो आणि उपासाने तो आणखी वाढतो.

प्रथेची किंमत दोन्हीकडचे लोक मोजतात. जाड बाई दवाखान्यात जायचे टाळते, कारण गुडघा दाखवला तरी आधी वजनावर बोलले जाईल हे तिला ठाऊक असते. थायरॉइडचे निदानही त्यामुळे लांबते. सडपातळ माणसाची साखर कोणी तपासत नाही, आणि त्याचा मधुमेह कळतो तो पायाची जखम भरेनाशी झाल्यावर.