ड्रॉ ले केल्यावर: तेवढाच स्टेक परत लावणं वेगळं, ग्रीन-अप वेगळं

फुटबॉलमध्ये ड्रॉ ले करणाऱ्यांचा, म्हणजे सामना बरोबरीत सुटणार नाही यावर पैसे लावणाऱ्यांचा, गोंधळ बहुतेक वेळा सुरुवातीला होत नाही, बाहेर पडताना होतो. गोल पडतो, ड्रॉचा भाव वर जातो, आणि माणूस जेवढ्या स्टेकने, म्हणजे जेवढ्या रकमेने, ले केलं होतं तेवढ्याच स्टेकने ड्रॉ बॅक करून, म्हणजे ड्रॉ होईल यावर पैसे लावून, मोकळा होतो. सौदा बंद झाला असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याने ग्रीन-अप, म्हणजे सगळ्या निकालांवर पैसा सारखा करणं, केलेलंच नसतं.

माझा मावसभाऊ मूळचा मालवणचा, आता इंग्लंडमध्ये नोकरीला. तिथे बेटिंग एक्सचेंज, म्हणजे जिथे लोक एकमेकांविरुद्ध पैज लावतात तो बाजार, कायदेशीर आहे. आपल्याकडे २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, त्यामुळे इथे बसून मी फक्त कागदावरचं गणित करतो, आणि वाचकांनीही ते तेवढ्यापुरतंच घ्यावं. थंडीच्या दिवसांत तिथला शनिवारी दुपारी तीनचा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतो. अशाच एका सामन्याच्या मध्यंतरात त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, दोनय बाजूक पैसे दिसाक होये, मगे हय शून्य कित्याक?"

त्याचा सौदा असा होता. सामन्याआधी त्याने ड्रॉ ३.६ भावाने १०० पौंडांना ले केला. म्हणजे सामना बरोबरीत सुटला नाही तर त्याला १०० मिळणार, आणि सुटला तर भावातून एक वजा करून १०० गुणिले २.६, म्हणजे २६० जाणार. हे २६० म्हणजे त्याची लायबिलिटी, एक्सचेंजने खात्यात आधीच अडकवून ठेवलेली. पहिल्या हाफमध्ये घरच्या संघाने, म्हणजे फेव्हरिटने, गोल केला आणि ड्रॉचा भाव ४.८ झाला. त्याने ४.८ला १०० पौंड बॅक केले.

आता दोन्ही बाजू बघा. ड्रॉ झाला नाही तर ले मधले १०० आले आणि बॅकचे १०० गेले, हातात शून्य. ड्रॉ झाला तर बॅकमधून ३८० मिळाले, ले मध्ये २६० गेले, उरले १२०. म्हणजे नुकसानाची भीती गेली हे खरं, पण सगळा नफा एकट्या ड्रॉवर जाऊन बसला. ज्याने ड्रॉ होणार नाही म्हणून सौदा घेतला, तो आता बरोबरीच्या गोलाची वाट बघतोय. काही जण हे मुद्दाम करतात आणि त्यात गैर काही नाही. फक्त ते जाणून करावं.

ग्रीन-अपमध्ये निकाल काहीही लागला तरी हातात तेवढाच पैसा यायला हवा. त्यासाठी बॅकचा स्टेक असा काढायचा: ले स्टेक गुणिले ले भाव, भागिले आत्ताचा बॅक भाव. इथे १०० गुणिले ३.६ म्हणजे ३६०, भागिले ४.८, उत्तर ७५. पडताळून बघा: ड्रॉ नाही झाला तर १०० वजा ७५, म्हणजे २५. ड्रॉ झाला तर ७५ गुणिले ३.८ म्हणजे २८५, त्यातून २६० वजा, पुन्हा २५.

मला मात्र हे सूत्र पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण धरून ठेवणं जास्त उपयोगाचं वाटतं. ले केल्यावर एका बाजूला अधिक १०० आणि दुसऱ्या बाजूला उणे २६० आहे, दोन्हींत ३६०चं अंतर. ड्रॉवर बॅक केलेला प्रत्येक पौंड हे अंतर भावाइतकं, म्हणजे ४.८ने, कमी करतो. म्हणून ३६० भागिले ४.८. एकदा हे कळलं की कुठल्याही अवस्थेत स्टेक काढता येतो, मग मध्येच थोडे पैसे लावलेले असोत की काढलेले.

तोटाही याच रीतीने सारखा वाटता येतो. समजा सत्तर मिनिटं झाली, अजून ०-०, आणि ड्रॉचा भाव १.८वर आला. ३६० भागिले १.८ म्हणजे २०० पौंड बॅक करायचे. दोन्ही बाजूंना उणे १००. २६० जाण्यापेक्षा १०० जाणं बरं की थांबणं बरं, हे गणित सांगत नाही. ज्या भावाने आपण बाहेर पडतोय तो सामन्याच्या मानाने योग्य आहे का, एवढाच प्रश्न उरतो. ग्रीन-अपने नफा तयार होत नाही, असलेला किंवा गेलेला पैसा फक्त सगळ्या निकालांवर समान पसरतो.

आणि गोल झाला म्हणजे भाव वर जाईलच असंही नाही. कमजोर संघाने लवकर गोल केला, तर फेव्हरिट बरोबरी साधेल या अंदाजाने ड्रॉचा भाव अनेकदा फारसा हलत नाही, कधी उलट खाली येतो. तो ३.०वर आला तर स्टेक १२०, आणि दोन्हीकडे उणे २०. गोल पडूनही तोटा का, हे कोडं नवख्याला इथेच पडतं.

इथवर दोनच बाजू धरल्या, कारण नुसता ड्रॉ ले केला तर घरचा संघ जिंको की पाहुणा, आकडा एकच राहतो. मावसभावाने पुढच्या खेपेला सोबत घरच्या संघावरही २.० भावाने २४ पौंड लावले, तेव्हा तिन्ही आकडे वेगळे झाले: घरचा संघ १२४, पाहुणा ७६, ड्रॉ उणे २८४. अशा वेळी सगळ्यात मोठा आकडा धरायचा आणि बाकीच्यांचं त्यापासूनचं अंतर त्या त्या भावाने भागायचं. घरच्या संघाचा गोल झाल्यावर ड्रॉ ४.८ आणि पाहुणा १०.० असेल, तर ड्रॉवर ४०८ भागिले ४.८, म्हणजे ८५, आणि पाहुण्यावर ४८ भागिले १०, म्हणजे ४.८० पौंड. तिन्ही निकालांवर ३४.२० येतात. ड्रॉवरच सगळं लावून थांबलात, तर पाहुण्याची बाजू मागे राहते आणि ते लक्षातही येत नाही.

बरोबर स्टेक काढूनही एक गोष्ट बिघडते. गोल होताच बाजार थांबवला जातो, पुन्हा उघडल्यावर भाव उड्या मारत असतो, आणि चालू सामन्यात लावलेला पैसा काही सेकंद उशिरा स्वीकारला जातो. तेवढ्यात ७५पैकी ५० पौंडांनाच समोरून ले करणारा मिळाला, तर ड्रॉवर उणे ७० आणि बाकी निकालांवर अधिक ५० अशी अर्धवट स्थिती राहते. म्हणून बटण दाबल्यावर प्रत्येक निकालाखालचा आकडा वाचायचा. सगळे हिरवे, म्हणजे नफ्यात, असणं पुरेसं नाही, ते सारखे असायला हवेत. फरक दिसला तर उरलेलं अंतर, म्हणजे इथे १२०, नव्या भावाने भागून तेवढंच लावायचं.

कमिशन एकाच बाजारातल्या निव्वळ नफ्यावर कापलं जातं, त्यामुळे २५वर ५ टक्के असेल तर दोन्हीकडे २३.७५ राहतात, समानता मोडत नाही. पण ले एका ठिकाणी आणि बॅक दुसऱ्या ठिकाणी केलं, तर कमिशन एकाच बाजूला लागतं आणि वरचं सूत्र तसंच्या तसं चालत नाही. बाद फेरीच्या सामन्यात आणखी एक ध्यानात ठेवावं लागतं: मॅच ऑड्सचा, म्हणजे घरचा संघ, पाहुणा की ड्रॉ या बाजाराचा, निकाल ९० मिनिटं आणि दुखापतीच्या वाढीव वेळेवर लागतो, एक्स्ट्रा टाइम त्यात धरत नाहीत. तिथे १-१ असेल तर पुढे पेनल्टीवर कोणीही जिंको, ड्रॉ ले करून उघडा राहिलेल्याचे २६० गेलेले असतात.