बाथरूमची गळती: आधी रोखण्याचा आणि नंतर दुरुस्त करण्याचा खर्च

बाथरूमच्या नूतनीकरणाचे आमचे अंदाजपत्रक पाहिल्यावर अनेक ग्राहक वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरून करायची चाचणी या दोन ओळींवर बोट ठेवतात, कारण टाइल्स आणि नळ डोळ्यांना दिसतात, तर हे काम टाइल्सखाली कायमचे झाकले जाते. या ओळी का काढू नयेत, याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

गुणवत्तेवर होणाऱ्या खर्चाची आज रूढ असलेली विभागणी अमेरिकन अभियंते आर्मंड फायगेनबॉम यांनी १९५६ साली मांडली. दोष होऊ नये म्हणून केलेला खर्च, दोष आहे का हे तपासण्याचा खर्च आणि दोष राहून गेल्यामुळे सोसावा लागणारा खर्च, असे तिचे भाग आहेत. यांपैकी शेवटचा खर्च काम ग्राहकाच्या ताब्यात जाण्यापूर्वी दोष सापडला तर वेगळा असतो आणि नंतर सापडला तर वेगळा.

५ फूट बाय ८ फुटांचे, खाली दुसऱ्याचे घर असलेले बाथरूम घेऊ. पुढील रकमा हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत. प्रत्यक्ष दर जागा आणि साहित्यानुसार बदलतील. जुना कोबा काढून स्लॅब साफ करणे, भेगा व पाइपांभोवतीच्या फटी भरणे, भिंत आणि जमीन मिळतात ते कोपरे गोलाईत भरून घेणे आणि पॉलिमरयुक्त सिमेंटचा लेप एकमेकांना आडव्या दिशेने दोन हातांत देणे, यासाठी १४,००० रुपये लागतात असे समजू. तपासणीसाठी आणखी ४,००० रुपये, म्हणजे एकूण १८,०००.

लेप पुरेसा वाळल्यावर नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून सुमारे दोन इंच पाणी भरतात, भिंतीवर पातळीची खूण करतात आणि ४८ तास वाट पाहतात. थोडे पाणी वाफ होऊन जातेच, म्हणून त्याच खोलीत पाण्याने भरलेले एक पसरट भांडे ठेवून त्यातली घटही मोजावी. बाथरूममधली पातळी भांड्यापेक्षा ठळकपणे जास्त उतरली असेल, किंवा खालच्या घराच्या छतावर ओल उमटली असेल, तर पाणी कुठून तरी जात आहे. बहुतेक वेळा ती जागा ट्रॅपच्या भोवतालचा सांधा असते. मात्र या चाचणीत भिंतीतले पाइप तपासले जात नाहीत. त्यांची टाइल्स बसवण्यापूर्वी हातपंपाने दाब देऊन वेगळी तपासणी करावी लागते.

या टप्प्यावर दोष सापडला, तर सांधा उघडून पुन्हा भरणे, तेवढ्या भागावर लेप देणे आणि पुन्हा पाणी भरणे, यात साधारण ३,००० रुपये आणि काही दिवस जातात. तोच दोष टाइल्स बसल्यावर सापडला, तर फरशी आणि भिंतीची खालची ओळ फोडणे, राडारोडा हलवणे, नव्या टाइल्स आणणे, कमोड काढून पुन्हा बसवणे, असे मिळून ४८,००० रुपये होतात. आपण राहायला आल्यानंतर गळती दिसली, तर खालच्यांचे प्लास्टर, रंग आणि छतातले वायरिंग यांचे २४,००० वाढतात. सुरुवातीला वाचवलेले १८,००० रुपयेही वाचत नाहीत, कारण लेप आणि चाचणी आता करावीच लागते. एकूण ९०,०००. शिवाय बाथरूम बंद असण्याचे दिवस आणि शेजाऱ्यांशी आलेला कडवटपणा या आकड्यात धरलेला नाही, आणि आमच्या मते तोच भाग सर्वांत जड असतो.

याचा अर्थ असा, की पाच बाथरूमपैकी एका ठिकाणची अशी गळती टळली, तरी पाचही ठिकाणचा १८,००० चा खर्च भरून निघतो. जुन्या इमारतीत, जिथे पाइप वर्षानुवर्षे कोब्यात गाडलेले असतात, तिथे गळतीची शक्यता यापेक्षा कमी धरणे आम्हाला धाडसाचे वाटते.

हाच नियम कितीही ताणता येत नाही. उत्पादकाने सांगितलेल्या जाडीपलीकडे तिसरा हात दिल्याने फारसे काही साधत नाही, आणि जिथे पाणी साचतच नाही अशा कोरड्या भागात पूर्ण लेपाची गरज नसते. तिथे आम्ही तो सुचवत नाही.

चाचणीच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी आपण स्वतः, शक्य असल्यास खालच्या घरातील कोणाला सोबत घेऊन, खूण पाहावी. चाचणीनंतर प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियनने जमिनीत ड्रिल केले आणि लेपाला भोक पडले, तर ती चाचणी निरुपयोगी ठरते. म्हणून कमोडच्या बोल्टची खोली आम्ही आधी ठरवून देतो, आणि ताबा दिल्यानंतर बाथरूमच्या जमिनीत कोणतेही भोक पाडण्यापूर्वी आपण आम्हाला कळवावे, अशी विनंती आहे.