यीस्टचे जीवनचक्र आणि प्रयोगशाळेने निवडलेले वाण

सांगलीतल्या महाविद्यालयांत बेकरीच्या पुडीतले यीस्ट कोमट साखरपाण्यात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की मुकुल फुटलेल्या पेशी विद्यार्थ्यांना सहज दिसतात. त्याच यीस्टपासून बीजाणू मिळवायला गेले, म्हणजे नायट्रोजन नसलेल्या ॲसिटेटच्या माध्यमावर ते काही दिवस ठेवले, तर पुष्कळदा निराशा होते. बेकरीच्या आणि मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्यांच्या वाणांत गुणसूत्रांचे संच अनेकदा दोनाहून अधिक किंवा विषम असतात, त्यामुळे बीजाणू कमी बनतात आणि बनले तरी सगळे रुजत नाहीत. संशोधनातले यीस्ट जातीने तेच असले, तरी ते जाणीवपूर्वक निवडलेले वाण आहे, आणि पाठ्यपुस्तकातले जीवनचक्राचे चित्र त्या निवडीवर उभे आहे.

यीस्टची पेशी गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या एकगुणित आणि दोन संच असलेल्या द्विगुणित अशा दोन्ही अवस्थांत मुकुलनाने वाढते, हे 1935 मध्ये कोपनहेगनच्या एका प्रयोगशाळेतून पुढे आले. एकगुणित पेशींचे दोन संयोग-प्रकार आहेत, ही गोष्ट 1943 मध्ये अमेरिकेत नोंदवली गेली. हे प्रकार ‘ए’ आणि ‘आल्फा’ म्हणून ओळखले जातात. काही जण त्यांना नर आणि मादी म्हणतात, पण ते योग्य नाही. दोन्ही पेशी आकाराने सारख्याच असतात, आणि प्रत्येक पेशी आपला संदेशवाहक पदार्थ सोडून समोरच्या प्रकाराला थांबवते व आपल्याकडे वाढायला लावते. दोघींचा संयोग होऊन द्विगुणित पेशी बनते, उपासमारीत तिचे अर्धसूत्री विभाजन होते, आणि एका वेष्टनात चार बीजाणू तयार होतात, दोन ‘ए’ आणि दोन ‘आल्फा’. एकाच विभाजनातून निघालेले चारही बीजाणू सुईने सुटे करून वेगवेगळे वाढवता येतात, ही सोय आनुवंशिकीच्या अभ्यासकाला फार मोलाची आहे.

ही सोय निसर्गातल्या बऱ्याच वाणांत मिळत नाही. त्यांच्यात HO नावाचे जनुक चालू असते. त्याचे विकर गुणसूत्रावरच्या संयोग-प्रकाराच्या जागी डीएनए कापते, आणि ती जागा त्याच गुणसूत्रावरच्या दोन मूक प्रतींपैकी एकीवरून पुन्हा भरली जाते. ‘ए’ पेशी अशी ‘आल्फा’ होते. मात्र हा बदल केवळ एकदा तरी मुकुल देऊन झालेली मातृपेशी करते, नवी कन्यापेशी नाही. एकटा बीजाणू रुजला, की पहिल्या विभाजनानंतर दोन्ही पेशी सारख्याच असतात. दुसऱ्या फेरीत मातृपेशी प्रकार बदलते, आणि चार पेशींच्या टप्प्यावर दोन ‘ए’, दोन ‘आल्फा’ असे जोडीदार शेजारीच उभे राहतात. म्हणजे एका बीजाणूपासून काही तासांत पुन्हा द्विगुणित वंश तयार होतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: एका बीजाणूपासूनच्या वसाहतीच्या पेशी कोणत्याही प्रकाराशी संयोग करत नाहीत, पण उपाशी ठेवल्यावर पुन्हा चार बीजाणू देतात.

म्हणून संशोधकांनी HO निकामी असलेले वाण उचलले. ही निवड आजही वादाची आहे. प्रतिवादी म्हणतात, की आपण यीस्टचे नैसर्गिक वर्तन बाजूला ठेवून सोयीचा नमुना घेतला. माझ्या मते निवड बरोबरच होती, कारण एकगुणित अवस्था टिकल्याशिवाय उत्परिवर्तन झाकणारी दुसरी प्रत दूर होत नाही. पण तिची किंमत मान्य केली पाहिजे: अभ्यासाचा मोठा भाग एकाच वंशावर उभा राहिला. सर्वाधिक वापरातल्या वाणाचे पूर्वज मुख्यतः 1938 मध्ये कॅलिफोर्नियात एका सडलेल्या अंजिरावरून घेतलेल्या यीस्टकडे जातात, आणि 1996 मध्ये पूर्ण वाचल्या गेलेल्या जनुकसंचाचा आधारही हेच वाण होते.

पेशीचक्राचा अभ्यास याच एकगुणित वाणांमुळे 1970 च्या सुमारास मार्गी लागला. मुकुल हे इथे घड्याळाचे काम करते: ते डीएनएच्या दुपटीकरणाच्या सुमारास दिसू लागते आणि विभाजनापर्यंत वाढत जाते, त्यामुळे आकारावरून पेशी कोणत्या टप्प्यात आहे ते समजते. चांगल्या माध्यमात 30 अंशांना संख्या साधारण 90 मिनिटांत दुप्पट होते. 23 अंशांना वाढणारी पण 36 अंशांना अडणारी उत्परिवर्तने शोधली, तर बहुतेकांत पेशी वेगवेगळ्या आकारांच्या मुकुलांसह थांबल्या. तो चयापचयातला किंवा प्रथिननिर्मितीतला सर्वसाधारण दोष होता. काहींत मात्र पेशी कोणत्याही टप्प्यावरून निघाल्या तरी सगळ्या एकाच आकारावर येऊन थांबल्या. एका जनुकाच्या बिघाडात तर सगळ्या मुकुलाविनाच राहिल्या. आल्फाच्या संदेशाने थांबलेल्या ‘ए’ पेशीही याच जागी थांबतात. या जागेला ‘स्टार्ट’ असे नाव पडले: ती ओलांडली की पेशी संयोगाकडे वळत नाही, विभाजन पुरे करते.

निकामी झालेल्या HO ची जागा आजही उपयोगात आहे. तिच्यात बाहेरचे जनुक बसवले तरी प्रयोगशाळेतल्या पेशीच्या वाढीला सहसा धक्का लागत नाही.